ड्रॉपशिपिंग: जाहिरात आणि रिटर्न्स वजा केल्यावर हातात काय राहतं?

प्रश्न: ऑर्डर आली की सप्लायर माल थेट ग्राहकाला पाठवतो, तो मला शिपिंगसकट 45 ला पडतो, विकतो 100 ला. तरी महिनाअखेर खात्यात काहीच का उरत नाही?

कारण ते 55 अजून तुमचे झालेलेच नाहीत. पेमेंट गेटवेची फी 3 धरू, राहिले 52. आता 100 ऑर्डरींतल्या 10 परत आल्या असं समजा. पैसे टिकले 90 ऑर्डरींचे, म्हणजे 9000, पण सप्लायरला गेले 100 ऑर्डरींचे 4500, आणि गेटवेची फी रिफंड केला तरी बहुतेक वेळा परत मिळत नाही, ते 300. परतीच्या पार्सलचा खर्च तुम्ही उचललात तर प्रत्येकी 10 प्रमाणे अजून 100. उरले 4100, ऑर्डरमागे 41.

रिटर्न 10 टक्केच, पण 52 चे 41 झाले, म्हणजे मार्जिनचा पाचवा हिस्सा गेला! कारण रिफंड पूर्ण 100 चा द्यावा लागतो आणि परत आलेली वस्तू सप्लायर सहसा घेत नाही, तुमच्याकडे गोदाम नाही, मग ती विकणार कुठून. आणि जाहिरात अजून धरलेलीच नाही बरं का.

प्रश्न: अ‍ॅड्सच्या डॅशबोर्डवर रोआस 2.2 दिसतोय, चांगलाय ना?

तुमचे आकडे वरच्यासारखे असतील तर नाही. जाहिरातीच्या दर 1 मागे किती विक्री झाली तो रोआस, आणि ना नफा ना तोटा असा ब्रेक-इव्हन रोआस म्हणजे 100 भागिले 41, साधारण 2.44. 2.2 ला एक ऑर्डर मिळवायला साडेपंचेचाळीस जातात, म्हणजे दर ऑर्डरला साडेचारचा तोटा.

डॅशबोर्ड विक्री लगेच मोजतो, रिफंड मात्र त्याला सहसा कळतच नाहीत, आणि रिटर्न्स यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून सुरुवात भारी वाटते. रिफंड ज्या आठवड्याच्या ऑर्डरचा असेल त्याच आठवड्याच्या विक्रीतून वजा करा, मग खरा रोआस दिसेल.

प्रश्न: अजून सुरू केलं नाहीये. परवडेल की नाही ते आधीच कसं काढू?

41 ला कन्व्हर्जन रेटने गुणा. 100 क्लिकमागे 2 ऑर्डरी येतील असं धरलं तर एका क्लिकला जास्तीत जास्त 0.82 देता येतात. त्या वस्तूचे क्लिक याहून महाग असतील तर स्टोअर उघडूच नका, किंमत वाढवता येते का ते आधी बघा.

समजा क्लिक 0.70 ला मिळाला. ऑर्डर पडली 35 ला, उरले 6. स्टोअरचं भाडं, अ‍ॅप्स वगैरे मिळून महिन्याचा ठरलेला खर्च 300 असेल तर 50 ऑर्डरींना ब्रेक-इव्हन. क्लिक 0.76 झाला की उरतात 3 आणि लागतात 100 ऑर्डरी, इतक्याशा फरकाने दुप्पट! म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नका, वाईट आकडा घालून परत मांडा, विशेषतः कपडे-चपला असतील तर, कारण साइज बसत नाही म्हणून तिथे परत येणं जास्त. रिटर्न 20 टक्के धरले तर 41 चे 30 होतात, आणि 35 ला मिळवलेल्या प्रत्येक ऑर्डरवर 5 जातात, मग कितीही विका ब्रेक-इव्हन येतच नाही.