मिनीबारचा हिशेब जुळत नाही, चोर कोण?

प्रश्न: पाहुणे म्हणतात "आम्ही काही घेतलंच नाही", आणि महिनाअखेरीस माल कमी भरतो. गळती कुठे आहे हे कसं शोधू?

उत्तर: आधी वाद मिटवा, चोरी आपोआप उघडी पडते. बरेच वाद आधीच्या पाहुण्याने प्यायलेलं नव्याच्या बिलावर चढल्यामुळे होतात. म्हणून चेकआउटनंतर, खोली विक्रीला देण्यापूर्वी मिनीबार मोजा, भरा आणि दारावर क्रमांकाचं सील लावा. सील शाबूत, तर आकारणी नाही. बाटल्यांची झाकणंही तपासा. व्होडकाच्या बाटलीत पाणी भरून ठेवणारे असतात.

मग दर आठवड्याला एकेका वस्तूचा हिशेब करा. समजा, कोलाचे कॅन सुरुवातीला खोल्या आणि पँट्री मिळून ११० होते, स्टोअरमधून ४८ आले, शेवटी ११८ उरले. म्हणजे ४० गेले. बिलात ३१ लागले, मुदत संपलेले २ काढले, फ्रंट ऑफिसने ३ माफ केले. उरलेल्या ४ चा पत्ता नाही.

आता हे ४ खोलीनिहाय पाहा. एकाच मजल्यावर, एकाच शिफ्टला तूट येत असेल तर मिनीबार अटेंडंटची जागा बदला आणि तूट त्याच्यामागे जाते का बघा. सगळीकडे विखुरलेली असेल तर बहुधा नोंदीच उशिरा होताहेत. पाहुणा निघून गेल्यावर वसुली अवघडच.

माफ केलेले ३ मात्र विसरू नका. माझ्या मते खरी गंमत तिथेच असते: रोख घेऊन नोंद रद्द करणं सोपं आहे. कारण आणि पर्यवेक्षकाची सही नसेल तर रद्द करूच देऊ नका.