तुसाची राख विटांत घालण्याआधी हे वाचा

प्रश्न: मौद्याकडच्या राइस मिलमधून तूस स्वस्तात मिळतोय. त्याची राख सिमेंटच्या विटांत घातली तर चालेल का, की तूस जळण म्हणूनच विकू?

जळण म्हणून विका. मिलच्या बॉयलरमधून निघालेली राख तशीच विटांत घालू नका, मग सांगणारा कोणीही असो.

आमचा कामठी रोडला विटांचा छोटा कारखाना होता. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राची फ्लाय अ‍ॅश, चुरी आणि सिमेंट असा माल. एका हंगामात काकांनी फ्लाय अ‍ॅशऐवजी उसना तांदूळ करणाऱ्या मिलची राख आणली. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "राख म्हणजे राख, कोराडीची असो की मिलची." 800 विटा पाडल्या. एकवीस दिवस पाणी मारूनही कोपरे बोटाने झडत होते. एक वीट कोरडी तोलली, 2.8 किलो. चोवीस तास पाण्यात ठेवून तोलली, तर 3.6. म्हणजे जवळपास 29 टक्के पाणी प्यायली. फ्लाय अ‍ॅशच्या विटेला 20 टक्क्यांची मर्यादा आहे.

कारण राखेतच आहे. कोराडीची राख पिठासारखी बारीक, तिचे कण गोल. तुसाच्या राखेचा कण मात्र स्पंजासारखा, आत पोकळ्या. तो पाणी ओढतो, मालाला जास्त पाणी लागतं आणि वीट कमजोर होते. तुसाच्या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका असते हे खरं, पण ती सिमेंटमधल्या चुन्याशी तेव्हाच जुळते, जेव्हा तूस साधारण 700 अंशांच्या आत, भरपूर हवेत जळलेला असतो. भट्टी फार तापली की सिलिकेचे स्फटिक होतात आणि ती निकामी होते. हवा कमी पडली की कोळसा उरतो. आमची राख काळीकुट्ट होती. मूठभर पाण्यात टाकली, तर काळा थर वर तरंगत राहिला. ही परीक्षा तुम्हीही करा. राख गुलाबीसर पांढरी असेल, तर ती जास्त तापलेली समजा.

करड्या रंगाची, बॉल मिलमध्ये दळलेली राख सिमेंटच्या 10-15 टक्के जागी चालते, एवढं मी मान्य करतो. पण दळायचा खर्च धरून ती नागपुरात फ्लाय अ‍ॅशपेक्षा परवडेल असं मला वाटत नाही. जळणाचा हिशोब सोपा आहे: दहा टन धानातून दोन टन तूस निघतो आणि तो जाळल्यावर सुमारे 400 किलो राख उरते. ती कुठे टाकायची, हे घेणाऱ्याशी आधीच ठरवा.

काका अजून म्हणतात, सिमेंट जुनं होतं. त्याच खेपेच्या पोत्यांतून, कोराडीच्या राखेने पाडलेल्या विटांचं आमच्या घराचं कंपाऊंड आजही उभं आहे.