लांब इंग्रजी शब्दांत जोर चुकला, की परीक्षकाला काय ऐकू येतं?

आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये मी न अडखळता बोललो, मोठमोठे शब्दही वापरले. तरी उच्चारात गुण कमी पडले. परीक्षकाला नक्की काय कळलं नसेल?
*नांदेड*

बहुधा तेच मोठे शब्द. एक प्रसंग सांगते. बीडकडच्या एका मुलाने सरावात वडिलांबद्दल सांगितलं, की ते गावच्या ‘कमिटी’वर आहेत. शब्द बरोबर, वाक्य बरोबर. रेकॉर्डिंग मी लहानपणापासून इंग्रजीच बोलणाऱ्या एका बाईंना ऐकवलं. त्यांनी लिहिलं, ‘वडील गावच्या कॉमेडीत आहेत.’ झालं असं, की त्याने जोर पहिल्या अक्षरावर दिला: कॉ-मि-टी. इंग्रजीत तो दुसऱ्यावर हवा: क-मि-टी. त्यात आपला ‘ट’ श्वास न सोडता येतो, तो इंग्रजी कानाला ‘ड’सारखा वाटतो. जोर बरोबर असता तर ‘ट’ चालून गेला असता. जोर चुकल्यामुळे शब्दच बदलला.

कारण असं. मराठीत जोर कुठेही दिला तरी शब्द तोच राहतो, म्हणून आपला कान जोराकडे लक्षच देत नाही. इंग्रजी कान मात्र जोराचं अक्षर पकडून त्यावरून शब्द शोधतो. बहुतेक इंग्रजी शब्द जोरानेच सुरू होतात, त्यामुळे जोर ऐकू आला की नवा शब्द सुरू झाला, असं त्याला वाटतं. म्हणून जोर शब्दाच्या शेवटाकडे सरकला तर घोटाळा अधिक होतो. ‘डेव्हलपमेंट’मध्ये जोर ‘मेंट’वर दिला की शेवटचा तुकडा वेगळाच शब्द वाटतो. तो जुळवण्यात ऐकणारा गुंततो आणि तेवढ्यात तुमचे पुढचे तीन-चार शब्द निसटतात. दोन मिनिटं सलग बोलायच्या भागात परीक्षक मध्ये थांबवून विचारतही नाही. आपलं नीट चाललंय, असं वाटून तुम्ही पुढे जाता.

स्पीकिंगच्या चार निकषांत उच्चाराचा वाटा एक चतुर्थांश असतो. एखादा शब्द चुकल्याने बँड खाली येत नाही. ऐकणाऱ्याला पुन्हापुन्हा जुळवाजुळव करावी लागली, तर मात्र येतो.

एवढ्या हजारो शब्दांत जोर कुठे आहे हे पाठ करायचं का? काही नियम आहे का?
*लातूर*

लांब शब्दांपुरता आहे, आणि तो शब्दाच्या शेपटीत आहे. शेवटी ‘शन’ किंवा ‘इक’ असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर: इ-रि-गे-शन, इ-क-नॉ-मिक. शेवटी ‘इटी’, ‘इकल’, ‘लॉजी’ किंवा ‘ग्राफी’ असेल तर शेवटून तिसऱ्या अक्षरावर: यु-नि-व्हर-सि-टी, हि-स्टॉ-रि-कल, टेक-नॉ-ल-जी. अपवाद थोडे आहेत: पॉ-लि-टिक्स, टे-लि-व्हि-जन. ते तेवढे पाठ करा.

नियम पाठ होतो, गोंधळ होतो तो एकाच घरातल्या शब्दांमध्ये. फोटोचं घर घ्या. फो-ट-ग्राफमध्ये जोर पहिल्यावर. फ-टॉ-ग्र-फर आणि फ-टॉ-ग्र-फीमध्ये तो दुसऱ्यावर जातो. फो-ट-ग्रॅ-फिकमध्ये तिसऱ्यावर. मूळ शब्द येतो म्हणून आपण चारही ठिकाणी ‘फो’वरच जोर ठेवतो. उलट, ‘मेंट’ ही शेपटी जोर हलवत नाही: डि-व्हे-लप, तसंच डि-व्हे-लप-मेंट. म्हणून नवा शब्द वहीत एकटा लिहू नका, त्याच्या घरासकट लिहा. इ-कॉ-न-मी लिहिलं की शेजारी इ-क-नॉ-मिक.

खात्री करायला शब्दकोश उघडा. उच्चारात एक छोटी उभी रेघ वरच्या बाजूला दिसते. तिच्या *नंतरचं* अक्षर जोराचं. ती आधीच्या अक्षराची समजून अनेक जण नेमकं उलटं शिकतात. रेघ खाली असेल तर तो दुय्यम जोर, सुरुवातीला तो सोडून दिला तरी चालेल.

जोर कुठे ते मला माहीत आहे, मी आवाज चढवूनही म्हणते. तरी आमचे सर म्हणतात, जोर ऐकूच येत नाही.
*परभणी*

सर बरोबर सांगताहेत. जोर म्हणजे मोठा आवाज, असं समजून आपण एका अक्षरावर ओरडतो आणि बाकीची अक्षरंही तितकीच भरघोस म्हणतो. मग फरक उरत नाही. इंग्रजीत जोराचं अक्षर *लांबतं*, सूर तिथे वळतो, आणि शेजारची अक्षरं आक्रसतात. त्यांतला स्वर बहुतेकदा एक छोटा, अस्पष्ट ‘अ’ होतो. हा ‘अ’ आपल्याकडे आहेच! ‘कमळ’मधला ‘क’ म्हणा, त्याच्याजवळचाच आहे. शब्दकोशात तो उलट्या इंग्रजी ‘e’सारख्या चिन्हाने दाखवतात.

आपली अडचण देवनागरीतून आली आहे, असं मला फार वाटतं. ‘फोटोग्राफी’, ‘अ‍ॅव्हेलेबल’ हे शब्द आपण पाट्यांवर, जाहिरातींत लहानपणापासून वाचले. त्यांत प्रत्येक मात्रा पूर्ण किमतीची आहे, आणि मराठी बोलताना तसंच म्हणणं योग्यही आहे. इंग्रजी बोलताना मात्र त्याच मात्रा आड येतात.

एक वाक्य घेऊ. दुष्काळावर बोलताना लातूरच्या एका मुलीने म्हटलं, ‘इरिगेशन वॉज नॉट अ‍ॅव्हेलेबल फॉर अ‍ॅग्रिकल्चरल फॅमिलीज.’ तीन लांब शब्द, प्रत्येक अक्षर सारखं. आम्ही आधी फक्त जोराची अक्षरं म्हटली, टेबलावर बोट आपटत: गे… व्हे… कल… मग ती लांबवली. मग मधली अक्षरं भरली, पण त्यांना वेळ न देता: इ-रि-गे-शन, अ-व्हे-ल-बल, अ‍ॅ-ग्रि-कल-च-रल. ‘अ‍ॅव्हेलेबल’मधला ‘ले’ गेला आणि नुसता ‘ल’ उरला, तेव्हा जोर आपोआप ऐकू आला. तिने आवाज जराही वाढवला नव्हता.

तुमचं जमतंय का हे पाहायला फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर आपण काय म्हणणार होतो तेच कानात असतं. ऐकताना जोराचं अक्षर शोधू नका. आक्रसलेली अक्षरं सापडतात का ते बघा.

परीक्षेत ब्रिटिशांसारखं बोलावं लागेल का? आमचं मराठवाडी वळण जात नाही.
*जालना*

नाही. वळण असल्याने गुण कापत नाहीत, ते समजण्याच्या आड आलं तर कापतात. ‘व’ आणि ‘ट’ सुधारण्यात महिना घालवू नका, तो जोरावर घाला. नकली ढंगात बोललात तर उलट जोर हमखास चुकतो, कारण सगळं लक्ष ‘र’ गुंडाळण्याकडे जातं.

बोलता बोलता चुकल्याचं लक्षात आलं तर परत म्हणू का?
*हिंगोली*

तो शब्द तुमच्या विषयाचाच असेल तर एकदा नीट म्हणा आणि पुढे चला. सारखं मागे वळलात तर ओघ तुटतो, आणि ओघाचा निकष वेगळा आहे. त्यापेक्षा पुढच्या वाक्यात तोच शब्द बरोबर जोराने पुन्हा आणा. आधी निसटलेलं त्याने परीक्षकाला जुळवता येतं. आणि तयारीला मिळणाऱ्या एका मिनिटात मुद्द्यांसोबत दोन-तीन लांब शब्द लिहून त्यांच्या जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. कागद आणि पेन्सिल तिथे देतातच.