बढतीनंतर लगेच गणपतीची रजा मागावी का?

प्रश्न: १ जुलैला टीम लीड झालो. गणपतीला राजापूरला जायचंय. आत्ताच रजा मागितली तर वाईट दिसेल का? की शिमग्याला मागू?

उत्तर: गणपतीलाच मागा. शिमगा बहुतेक मार्चमध्ये येतो, आणि एप्रिल ते मार्च वर्ष धरणाऱ्या कंपनीत साहेब तुमचा शेरा त्याच सुमारास लिहितात. तेव्हा नजरेसमोर असतात शेवटचे दोन-तीन महिने. तुमची पालखी आणि त्यांचं क्लोजिंग एकाच आठवड्यात आलं, तर वर्षभराची मेहनत मागे पडते.

यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. १२ ते २० असे नऊ दिवस मिळतात, रजा पाचच पडतात; चतुर्थीची सुट्टी असेल तर चारच. १२ तारखेचं रेल्वे आरक्षण ६० दिवस आधी, १४ जुलैला उघडतं. त्याच्या आधीच साहेबांशी तोंडी बोला, मग अर्ज भरा. नव्या लीडचा अर्ज न सांगता थेट पोर्टलवर दिसला की तोच खटकतो, रजा नव्हे.

बोलताना कारण लांबवू नका, बदली माणूस सांगा: "सर, १४ ते १८ गावी आहे. रोजचा रिपोर्ट स्नेहा पाठवेल, ७ तारखेपासून तिच्याकडे देतो." तो आठवडाभर तिने खरंच एकटीने पाठवला पाहिजे, नाहीतर आरतीच्या वेळी फोन वाजणार, आणि गावात रेंज कुठे असते!

बढतीच्या पत्रात प्रोबेशन असेल तर त्या काळातल्या रजेचा नियम आधी वाचा. आणि गावाहून "अजून दोन दिवस" कळवू नका. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनापर्यंत थांबायचं असेल तर आत्ताच दहा मागा.