ट्रेलिंग स्टॉप: २० दिवसांची ॲव्हरेज की स्विंग लो?

प्रश्न: डेली चार्टवर पोझिशनल ट्रेड करतो. २० ईएमएने स्टॉप ट्रेल केला की लवकर बाहेर पडतो आणि शेअर पुढे पळतो. स्विंग लोखाली ठेवला तर निम्मा नफा परत जातो. नेमकं काय वापरायचं?

उत्तर:

दोन्ही स्टॉपमधलं अंतर कशामुळे कमी-जास्त होतं ते आधी बघा, म्हणजे कोणता कधी वापरायचा हे बरंचसं आपोआप ठरतं.

ॲव्हरेज भावाच्या किती मागे राहील हे शेअरच्या वेगावर ठरतं. भाव रोज सारख्याच रुपयांनी चढत राहिला, तर २० दिवसांची ॲव्हरेज शेवटी साडेनऊ दिवसांच्या चालीइतकी मागे राहते. साधी घ्या की एक्स्पोनेन्शियल, स्थिर चालीत हा आकडा दोन्हींना सारखाच येतो. म्हणजे रोज ८ रुपये चढणाऱ्या शेअरला ती साधारण ७६ रुपयांची जागा देते, रोज २ रुपये चढणाऱ्याला फक्त १९. आणि शेअर आठ-दहा दिवस एकाच पट्ट्यात बसला की ती भावाला येऊन चिकटते. बहुतेक लोक नेमके तिथेच बाहेर फेकले जातात, कारण चढणारा शेअर मधेमधे दम खातोच. तुमचं ‘लवकर बाहेर पडतो’ बहुधा इथलंच आहे.

स्विंग लोला वेगाशी देणंघेणं नाही. भाव जिथे थांबून वळला ती जागा तो धरून बसतो. शेअर दम खात असताना हे चांगलं, पण शेअर न थांबता पळाला तर नवीन स्विंग लो तयारच होत नाही आणि स्टॉप खूप खाली राहून जातो. म्हणजे एकाचा दोष नेमका दुसऱ्याच्या फायद्याच्या वेळी दिसतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ५०० ला खरेदी, आधीचा स्विंग लो ४७९, १४ दिवसांचा एटीआर १२. लोच्या खाली पाव एटीआर म्हणजे ३ रुपये सोडून स्टॉप ४७६ ला. जोखीम शेअरमागे २४ रुपये. एका ट्रेडमध्ये ६,००० घालवायची तयारी असेल तर २५० शेअर.

शेअर ५३० ला गेला, ५१२ पर्यंत आला, पुन्हा ५३० च्या वर बंद झाला. आता स्टॉप ५०९ ला. ५१२ ला वळल्यावर लगेच तो वर घ्यायचा नाही, मागचा उंच भाव तुटेपर्यंत थांबायचं. तोवर तो लो नुसता उमेदवार असतो. घाईने वर घेतलेला स्टॉप पुढच्याच लाल कॅण्डलला लागतो. लो मोजताना दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन कॅण्डलचे लो त्याच्यापेक्षा वर असावेत असा नियम ठेवा. त्यामुळे तळ तीन दिवस उशिरा कळतो, ती किंमत मोजावीच लागते. दोन-दोनवर आणलंत तर प्रत्येक बारीक खाच स्विंग लो ठरते आणि स्टॉप भावाच्या गळ्याशी येतो.

पुढे ५७४, मग ५४८ पर्यंत पुलबॅक, आणि ५५२ वरून अकरा सत्रं रोज सरासरी ८ रुपये चढत शेअर ६४० ला. वाटेत ५७४ तुटल्यावर स्टॉप ५४५ ला आला होता, पण त्यानंतर एकही नवा तळ नाही. ५५२ ला ईएमए ५४५ होती असं धरलं तर ६४० ला ती ५८७ च्या आसपास येते. (अजून ७६ रुपयांनी मागे नाही, कारण वेग वाढून अकराच सत्रं झाली आहेत.) म्हणजे ईएमएपर्यंत ५३ रुपये, स्विंगच्या स्टॉपपर्यंत ९५. हे ९५ रुपये मूळ जोखमीच्या जवळपास चौपट आहेत.

आता शेअर ६३४, ६२२, ६१०, ६००, ५८५ असा बंद होत आला, शेवटच्या दिवसाचा लो ५८२. तोवर ईएमए ५९५ झालेली. ईएमएवाला ५८५ च्या आसपास बाहेर, २५० शेअरवर साधारण २१,२५० नफा, खर्च वेगळा. इथून पुढे दोन शक्यता. शेअर वळून ६४० तोडून ७०० ला गेला तर स्विंगवाला आत असतो आणि त्याचा स्टॉप ५७९ ला येतो, ईएमएवाला बाहेरून बघत बसतो. तसाच घसरत ५४५ ला आला तर स्विंगवाल्याला ११,२५० मिळतात. ६४० ला यातली कोणती होणार हे कुठलाच इंडिकेटर सांगत नाही.

म्हणून मी दोन्ही वापरतो, पण क्रमाने. सुरुवातीला फक्त स्विंग लो. ब्रेकआउटच्या वेळी ईएमए भावाच्या अगदी जवळ असते, तेव्हा तिला स्टॉप केलं तर पहिल्या रीटेस्टलाच ट्रेड संपतो. भाव स्विंगच्या स्टॉपपासून सहा एटीआरपेक्षा लांब गेला की अर्धे शेअर ईएमएवर सोपवायचे, अर्धे स्विंगवरच. वरच्या उदाहरणात ही मर्यादा ७२ रुपये, म्हणजे ६१७ च्या वर. अर्धे ५८५ ला आणि उरलेले ५४५ ला गेले तर एकूण १६,२५०. वाईट शक्यतेत स्विंगपेक्षा बरं, चांगल्या शक्यतेत निम्मा माल अजून हातात. सहा हा आकडा काही शास्त्र नाही. ज्या शेअरचे पुलबॅक मुळातच खोल असतात तिथे आठ ठेवा, पण ट्रेड घ्यायच्या आधी लिहून ठेवा, ६४० बघून ठरवू नका.

ईएमएचा नियम बंद भावावर चालवा. तिच्या आकड्यावर रोज ऑर्डर लावून ठेवली तर दिवसभरातली एखादी लांब शेपटी ऑर्डर उडवते आणि भाव संध्याकाळी ईएमएच्या वरच बंद होतो. तीन वाजून वीस मिनिटांनी बघा, भाव स्पष्ट खाली असेल तर तेव्हाच विका, नाहीतर दुसऱ्या सकाळी. बंद भावाच्या नियमाची उणीव अशी की बाजारात प्रत्यक्ष ऑर्डर नसते. म्हणून ईएमएवरच्या शेअरसाठीसुद्धा स्विंग लोखालची ऑर्डर लावलेलीच असू द्या.

एक गंमत: आजचा बंद भाव कालच्या ईएमएच्या खाली असेल तरच ईएमए खाली वळते. त्यामुळे ‘स्टॉप खाली घ्यायचा नाही’ हा नियम ईएमएला वेगळा लावावा लागत नाही, तोवर तुम्ही बाहेर असता. साध्या ॲव्हरेजचं तसं नाही. वीस दिवसांपूर्वीचा मोठा आकडा गळाला की भाव वर असतानाही ती खाली येऊ शकते, तेव्हा तिचा आधीचा सर्वांत वरचा आकडाच स्टॉप धरा.

ऑर्डर लावताना लोक एका ठिकाणी हमखास चुकतात. साधी स्टॉप लॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, म्हणून रात्रभर ठेवायच्या मालाला जीटीटी लावतात. पण जीटीटी ट्रिगर झाल्यावर लिमिट ऑर्डर जाते. ट्रिगर ५४५ आणि लिमिट ५४४ ठेवली, आणि शेअर सकाळी ५३० ला उघडला, तर ऑर्डर ५४४ ला नुसती लटकत राहते आणि शेअर खाली जात राहतो. लिमिट तीन-चार टक्के खाली, ५२५ च्या आसपास ठेवा. भाव ५३० असेल तर विक्री ५३० च्या आसपासच होते, ५२५ ला नाही. बोनस किंवा स्प्लिट असेल तर एक्स-डेटच्या आधी जीटीटी रद्द करून नव्या भावाने परत लावा.