डे पास किती, महिन्याचं डेस्क किती?

तुमच्या को-वर्किंग जागेचे आकडे पाहिले. २० डेस्क, महिन्याचा खर्च ८४,०००, महिन्याचं डेस्क ६,०००, म्हणजे १४ डेस्क गेली की खर्च निघतो. इथवर ठीक आहे. गडबड ३०० च्या डे पासमध्ये आहे. त्या दराने २० दिवस आलं तरी ६,००० च होतात, मग महिना कोण घेईल? लोक मंगळवार ते गुरुवार येतील, तेव्हा जागा फुल्ल, आणि सोमवार-शुक्रवार तुम्ही रिकाम्या खुर्च्यांना एसी लावून बसाल.

आधी एवढंच करा:

- डे पास ५५० ठेवा. अकराव्या दिवशी तो महिन्याच्या दराला टेकतो, त्यामुळे नियमित येणारा स्वतःच हिशोब करून महिना घेतो.
- आठवड्यातून दोनदा येणाऱ्यासाठी १० दिवसांचा पास ४,५०० ला, पण मुदत ३० दिवसांचीच. मुदत नसली की सगळे पास एकाच बुधवारी वापरायला निघतात!
- सवलत द्यायचीच तर सोमवारी आणि शुक्रवारी द्या.

या धंद्यात नवीन असलेले लोक हमखास महिन्याची सरासरी बघतात. '६० टक्के भरलंय' म्हणताना बुधवारी परत पाठवलेली माणसं त्यात दिसत नाहीत. महिनाभर रोज सकाळी ११ आणि दुपारी ३ ला डोकी मोजा, परत गेलेल्यांचीही नोंद ठेवा. आणि १८ टक्के जीएसटी धरून की वगळून, ते दरपत्रकावर लिहा. मीटिंग रूमचे दर वगैरे नंतर बघू.