बत्तीसाव्या आठवड्यातील स्कॅनिंगचा रिपोर्ट कसा वाचावा

«खानापूरहून विचारते. पाळीच्या तारखेप्रमाणे 32 आठवडे पूर्ण झाले. स्कॅनिंगमध्ये बाळाचे वय 30 आठवडे 5 दिवस आणि वजन 1700 ग्रॅम आले आहे. बाळाची वाढ खुंटली आहे का? पाणी 9 आणि वार पुढच्या बाजूला लिहिली आहे, ते ठीक आहे ना?»

ताई, या आकड्यांवरून वाढ खुंटली असे म्हणता येत नाही. पोटातल्या बाळाचे वजन कोणी तोलत नाही. डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजून मशीन सूत्राने ते काढते, आणि त्यात पंधरा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणजे तुमचे बाळ साधारण 1450 ते 1950 ग्रॅमच्या दरम्यान कुठेही असू शकते. नेहमी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात बत्तीस आठवड्यांचे मधले वजन सुमारे 1.9 किलो असते, आणि शंभरातल्या सर्वांत लहान दहा बाळांची सीमा सुमारे 1.6 किलोवर येते. तुमचे बाळ त्या सीमेच्या वर, पण लहानांच्या बाजूला आहे.

«30 आठवडे 5 दिवस» हे बाळाचे खरे वय नाही. एवढ्या मापाचे बाळ सरासरीने किती आठवड्यांचे असते, एवढेच त्यातून कळते. त्यामुळे प्रसूतीची तारीख आता बदलायची नसते. मात्र आपल्याकडे थायी कार्डावर बहुधा पाळीची तारीख लिहिलेली असते, आणि पाळी अनियमित असेल तर ती चुकू शकते. म्हणून अकराव्या ते तेराव्या आठवड्यातला जुना रिपोर्ट शोधा. त्यातही तुमचा गर्भ पाळीच्या हिशेबापेक्षा आठ-नऊ दिवसांनी लहान दिसला असेल, तर आजचा फरक त्या तारखेचाच आहे. तेव्हा दोन्ही हिशेब जुळत असतील, तर मात्र लक्ष ठेवायला हवे. अशा वेळी मी पोटाचा घेर आधी पाहते, कारण बाळाला पोषण कमी पडू लागले की बहुधा तोच आधी मागे पडतो. दोन-तीन आठवड्यांनी, शक्यतो त्याच सेंटरवर, पुन्हा मोजणी करावी. त्याआधी केल्यास वाढीपेक्षा मोजणीतली चूकच मोठी दिसते. नाळेच्या रक्तप्रवाहाचा डॉप्लर लागेल का, हे तुमच्या डॉक्टरांना अवश्य विचारा.

पाण्याचा 9 हा आकडा गर्भाशयाच्या चार भागांतील सर्वांत खोल जागांची सेंटिमीटरमधील बेरीज असतो. तो 5 ते 25 मध्ये असल्याने चिंता नाही.

वार पुढच्या भिंतीवर असणे हा दोष नाही. तिच्यामुळे बाळाच्या लाथा थोड्या मऊ जाणवतात इतकेच. पाहायचे ते वारेच्या खालच्या कडेचे गर्भाशयाच्या तोंडापासूनचे अंतर. ते दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर वार खाली आहे असे धरून 36 व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तपासतात. रक्तस्राव झाला, पाणी गळू लागले किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर पुढच्या स्कॅनिंगची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जा.